ऑफर आल्यावर चॅटवर पगार वाढवून मागताना: आकडा कसा काढायचा, मेसेज कसा लिहायचा

ऑफर लेटर मेलवर येतं, पण त्यानंतरचं बोलणं हल्ली बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं. "लेटर मिळालं का? कधी अ‍ॅक्सेप्ट करताय?" असा एचआरचा मेसेज येतो आणि नोकरी बदलणारा माणूस तिथेच अडखळतो. पगार कमी वाटतोय, पण लिहायचं कसं? मग "मॅडम, थोडं वाढवून मिळेल का?" असं काहीतरी जातं, समोरून "बघते" येतं, दोन दिवसांनी "सॉरी, बजेट नाही" येतं आणि विषय संपतो.

हे असं का होतं हे समजायला त्या चॅटच्या पलीकडे काय चालतं ते माहीत हवं. तुमच्याशी बोलणारी एचआरमधली व्यक्ती पगार ठरवत नाही. ती तुमचं म्हणणं हायरिंग मॅनेजरकडे आणि पगाराची रचना बघणाऱ्या माणसाकडे नेते. मोठ्या कंपनीत त्यासाठी मंजुरीचा फॉर्म असतो, लहान कंपनीत थेट मालकाला किंवा डिलिव्हरी हेडला विचारलं जातं. बऱ्याचदा ती तुमचा मेसेज जसाच्या तसा कॉपी करून पुढे पाठवते. म्हणजे तुमचा मेसेज खरा वाचणार आहे तो चॅटमध्ये नसलेला एक माणूस. त्याला तुमचा इंटरव्ह्यू धड आठवत नसतो, आणि तुमच्या मेसेजसाठी त्याच्याकडे अर्धा मिनिट असतो. "थोडं वाढवून" हे त्याच्यापुढे ठेवताच येत नाही, कारण त्यात मंजूर करण्यासारखं काही नसतं. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीची केस घेतो. रकमा सोयीसाठी थोड्या बदलल्या आहेत, बाकी सगळं तसंच. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, अनुभव तीन-साडेतीन वर्षांचा. सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ६,२०,०००. नव्या कंपनीकडून ऑफर आली ८,४०,००० ची. घरी पेढे वाटायची तयारी झाली, कारण वाढ सरळ ३५ टक्क्यांची दिसत होती.

आधी ऑफर उलगडून बघा

मागणी करण्याआधी अर्धा तास कागद घेऊन बसा. ऑफर लेटरच्या शेवटी पगाराच्या रचनेचं एक पान असतं. ते नसेल तर पहिला मेसेज तेवढाच पाठवायचा: "सॅलरी ब्रेकअप मिळेल का?" ते हातात आल्याशिवाय वाढीचा विषय काढू नका.

बहिणीच्या लेटरमध्ये वर्षाचे आकडे असे होते:

- व्हेरिएबल: ८४,०००
- कंपनीचा पीएफ: ४३,२००
- ग्रॅच्युइटी: १७,३१६
- विम्याचा हप्ता: १२,०००
- उरलेला पगार, म्हणजे बेसिक, घरभाडे भत्ता आणि स्पेशल अलाउन्स मिळून: ६,८३,४८४

यात बेसिक वर्षाला ३,६०,००० होता. कंपनीचा पीएफ म्हणजे त्याचे १२ टक्के, आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के. हे दोन्ही सीटीसीत धरले जातात, पण महिन्याच्या पगारात येत नाहीत. पीएफ तुमच्याच खात्यात साठतो, तेव्हा तो बुडाला असं समजू नये. ग्रॅच्युइटी मात्र साधारणपणे पाच वर्षं त्याच कंपनीत काढल्यावर मिळते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने ती रक्कम आपली धरूच नये.

आता महिन्याचा हिशोब. ६,८३,४८४ ला बाराने भागलं की ५६,९५७. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. आयकर काही नाही, कारण नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. हातात आले ५३,१५७.

जुन्या कंपनीत तिच्या हातात ४६,६०० च्या आसपास पडत होते. तिथे व्हेरिएबल नव्हतं, आणि पीएफ महिन्याला १,८०० च कापला जायचा, कारण ती कंपनी १५,००० ची वैधानिक मर्यादा धरून पीएफ भरायची. म्हणजे कागदावर ३५ टक्के वाढ, आणि हातात येणारी वाढ १४ टक्के. महिन्याला साडेसहा हजार. पेढे थांबले.

हा फरक कंपनीने फसवलं म्हणून पडत नाही. प्रत्येक कंपनीची रचना वेगळी असते आणि दोन सीटीसी शेजारी ठेवून तुलना होतच नाही. तुलना करायची ती फिक्स्डची फिक्स्डशी आणि हातातल्या रकमेची हातातल्या रकमेशी. फिक्स्ड म्हणजे सीटीसीतून व्हेरिएबल वजा करून उरतं ते. इथे ८,४०,००० वजा ८४,०००, म्हणजे ७,५६,०००. मागणी या आकड्यावर करायची असते.

व्हेरिएबलबद्दल एक प्रश्न याच टप्प्यावर विचारून टाकावा: "मागच्या वर्षी या लेव्हलला व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिलं गेलं, आणि ते दर तिमाहीला मिळतं की वर्षाच्या शेवटी?" पूर्ण शंभर टक्के मिळतं असं ठाम उत्तर आलं तर ती रक्कम थोडीफार धरता येते. उत्तर "परफॉर्मन्सवर अवलंबून" असं आलं तर ती शून्य धरून चला.

आकडा कुठून आणायचा

इथे तीन आकडे लागतात, आणि त्यांतला एकच चॅटवर जातो.

पहिला तुमचा तळ. याच्या खाली मिळालं तर नोकरी बदलायची नाही, असा आकडा. तो घरी बसून, हातात येणाऱ्या रकमेवरून ठरवायचा. बहिणीचं ऑफिस आता हिंजवडीहून खराडीला जाणार होतं, प्रवासाचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढणार होते. ५६,००० च्या खाली हातात आले तर हा खटाटोप नको, असं तिचं म्हणणं. ते उलटं मोजलं तर फिक्स्ड साधारण ८,००,००० होतो.

दुसरा बाजारातला आकडा. अ‍ॅम्बिशनबॉक्ससारख्या साइटवर त्या कंपनीचा, त्या पदाचा, त्या अनुभवाचा पगार बघता येतो. मात्र तिथली सरासरी जपून वापरा, कारण जुने आणि नवे पगार एकत्र मिसळलेले असतात आणि फिक्स्ड-व्हेरिएबल वेगळं नसतं. त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे तुमच्याइतकाच अनुभव असलेल्या, गेल्या वर्षभरात नोकरी बदललेल्या दोन-तीन मित्रमैत्रिणींना विचारणं. "तुझा पगार किती?" असं न विचारता "माझ्या अनुभवाला सध्या किती फिक्स्ड देतात?" असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. बहिणीला साडेसात ते पावणेनऊ लाख अशी उत्तरं मिळाली.

तिसरा, मागायचा आकडा. तो बाजाराच्या पट्ट्यात बसला पाहिजे, तळापेक्षा वर हवा, आणि समोरच्याने थोडा कमी केला तरी तुम्हाला परवडला पाहिजे. ऑफरच्या फिक्स्डपेक्षा १० ते १५ टक्के जास्त मागणं सहसा कोणाला खटकत नाही. त्याहून फार वर गेलात तर पगाराचा पट्टाच बदलावा लागतो, म्हणजे पद बदलावं लागतं, आणि ते काम एचआरच्या आवाक्याबाहेरचं असतं. तिने ८,५०,००० फिक्स्ड ठरवले. ७,५६,००० च्या वर साडेबारा टक्क्यांच्या जवळपास.

आकडा एकच द्या. "आठ ते साडेआठ" असं लिहिलं की पुढच्या माणसाला फक्त आठ दिसतात. टक्केवारीतही मागू नका. "३० टक्के हाइक हवी" म्हटलं की कशावर ३० टक्के, जुन्या सीटीसीवर की फिक्स्डवर, यात घोळ होतो, आणि घोळ झाला की उत्तर कंपनीच्या सोयीच्या बाजूने निघतं.

एक अडचण मात्र आधीच बघून ठेवा. पहिल्या फोनवर एचआरने अपेक्षित पगार विचारलेला असतो आणि तुम्ही काहीतरी सांगितलेलं असतं. तो आकडा त्यांच्याकडे नोंदलेला आहे. बहिणीने "साडेआठ" सांगितलं होतं, फिक्स्ड की एकूण हे काहीच न सांगता. कंपनीच्या दृष्टीने त्यांनी साडेआठ मागणाऱ्या मुलीला ८.४० दिले होते, म्हणजे जवळपास मागेल ते. हे मेसेजमध्ये टाळून चालणार नव्हतं, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. तुम्ही सांगितलेल्यापेक्षा जास्त ऑफर आली असेल, तर पुन्हा मागण्याआधी नवं कारण शोधा: इंटरव्ह्यूत कळलेली जास्तीची जबाबदारी, बदललेलं शहर, नाइट शिफ्ट. काहीच नवं नसेल तर पगार सोडा आणि जॉइनिंग बोनसबद्दल बोला.

मेसेज

तिने पाठवलेला मेसेज असा होता:

> नमस्कार मॅडम. ऑफर लेटर आणि सॅलरी ब्रेकअप मिळालं, आभारी आहे. टीमशी बोलल्यानंतर इथे काम करायची मनापासून इच्छा आहे. पगाराबद्दल एक विनंती होती.
>
> ऑफरमध्ये फिक्स्ड ७,५६,००० आणि व्हेरिएबल ८४,००० आहे. पहिल्या फोनवर मी साडेआठ म्हणाले होते ते फिक्स्ड धरून, ते तेव्हा स्पष्ट सांगायला हवं होतं. माझा सध्याचा पगार पूर्ण फिक्स्ड आहे, त्यामुळे महिन्याला हातात येणाऱ्या रकमेत फरक कमी पडतोय. या रोलमधलं एपीआय ऑटोमेशन मी सध्याच्या प्रोजेक्टमध्ये दीड वर्ष एकटीने सांभाळते आहे, त्यामुळे वेगळ्या ट्रेनिंगशिवाय काम सुरू करू शकेन.
>
> फिक्स्ड ८,५०,००० करता येईल का? व्हेरिएबल आहे तेवढंच राहिलं तरी चालेल. हे जमलं तर सुधारित लेटर येईल त्याच दिवशी मी ऑफर स्वीकारेन. नोटीस ६० दिवसांची आहे.
>
> फोनवर बोलायचं असल्यास संध्याकाळी ६ नंतर मोकळी आहे.

हा मेसेज चॅटसाठी लांब आहे, हे खरं. पण तो पुढे जाणार आहे, आणि पुढे जाताना त्याला सोबत कोणी नसणार. मॅनेजरला यातून चार गोष्टी कळतात: उमेदवाराला यायचं आहे, आत्ता किती दिलं आहे, किती हवं आहे, आणि दिलं तर लगेच हो म्हणणार आहे. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. मंजुरी देणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती ही, की वाढवून दिल्यावरही ही व्यक्ती दुसरीकडे जाईल. "त्याच दिवशी मी ऑफर स्वीकारेन" हे वाक्य ती भीती काढून टाकतं. अर्थात ते खरं असेल तरच लिहा.

कारण एक किंवा दोन, आणि कामाशी जोडलेली. घराचा हप्ता, बहिणीचं लग्न, पुण्यातलं वाढलेलं भाडं ही तुमची खरी गरज असेल, पण मंजुरीच्या फॉर्मवर ते लिहिता येत नाही. याला अपवाद एकच: नोकरीसाठी गाव बदलावं लागत असेल, म्हणजे नागपूरहून पुण्याला यायचं असेल, तर स्थलांतराचा खर्च हे रीतसर कारण आहे आणि त्यासाठी बऱ्याच कंपन्यांत वेगळी तरतूदही असते.

मेसेजमध्ये "सॉरी" नाही, "प्लीज काहीतरी करा" नाही, आणि "मार्केटमध्ये यापेक्षा जास्त देतात" असा टोमणाही नाही. पण विनंतीची भाषा आहे. मराठीत "मला ८,५०,००० हवेत" आणि "८,५०,००० करता येईल का?" यांत मागणी तीच राहते, फक्त दुसऱ्या वाक्यात समोरच्याला हो म्हणायला जागा मिळते. एचआर तुमच्याशी इंग्रजीत बोलत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत पाठवा. पुढे जाणारा मेसेज ऑफिसच्या भाषेत असला तर तिचं भाषांतराचं काम वाचतं, आणि भाषांतरात तुमचं कारण गळून पडत नाही.

काही बारीक गोष्टी चॅटच्या आहेत. मजकूर आधी नोट्समध्ये लिहा आणि एकदाच पाठवा. "हाय", "मॅम", "एक विचारायचं होतं", "बिझी आहात का" असे चार तुकडे पाठवले की पुढे पाठवण्याजोगा एकही मेसेज उरत नाही. व्हॉइस नोट तर नकोच, ती कोणी पुढे पाठवत नाही आणि आकडा ऐकू येण्यात चूक होते. आकडा पूर्ण लिहा, ८,५०,०००, नुसतं "८.५" नको. चूक दिसली तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज सुधारता येतो. पण तोवर जुना मजकूर पुढे गेला असेल तर उपयोग नाही, आणि मेसेज डिलीट केला तर तिथे डिलीट केल्याची खूण राहतेच, तेव्हा आधीच दोनदा वाचा. वेळ कामाच्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेसेज सोमवारी इतर पन्नास मेसेजखाली सापडतो.

आणि हे सगळं पोर्टलवरचं स्वीकाराचं बटण दाबण्याआधी, किंवा "थँक यू, आय अ‍ॅक्सेप्ट" असा मेल करण्याआधी. एकदा हो म्हणून नंतर पगाराचा विषय काढला की तुम्ही शब्द फिरवणारे ठरता, आणि ऑफर मागे घेतली जाण्याचा खरा धोका तिथेच असतो. विनंती म्हणून, एकदाच, आकड्यासह मागितलं म्हणून कोणी ऑफर रद्द करतं असं सहसा होत नाही. फार तर नाही म्हणतात.

समोरून काय येतं

बहिणीच्या मेसेजला तासाभरात उत्तर आलं: "कॉल करू का?" बहुतेक वेळा हेच येतं, कारण पगाराबद्दल लेखी काही लिहायला एचआरलाही नको असतं. फोन घ्या. पण फोनवर नवं काही ठरवू नका. तोच आकडा, तीच दोन कारणं. "कमीत कमी किती चालेल?" हा प्रश्न नक्की येतो, आणि तुमचा तळ बाहेर काढण्यासाठीच तो असतो. तिने दिलेलं उत्तर मला आवडलं: "मॅडम, मी ८,५०,००० विचार करूनच लिहिलंय. तुमच्याकडून किती शक्य आहे ते कळलं तर मी लगेच सांगते." चेंडू परत तिकडे. समोरून आकडा आला तरी तिथल्या तिथे हो म्हणू नका, "आज संध्याकाळपर्यंत सांगते" एवढं पुरतं.

फोन संपला की लगेच चॅटवर दोन ओळी टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे, फिक्स्ड ८,५०,००० ची विनंती तुम्ही मॅनेजरकडे पाठवताय आणि गुरुवारपर्यंत कळवताय. ऑफरची मुदत बुधवारची आहे, ती शुक्रवारपर्यंत वाढवाल का?" मुदतीचा मुद्दा फार महत्त्वाचा. बऱ्याच ऑफर्सना दोन-तीन दिवसांचीच मुदत असते, आणि मंजुरी येईपर्यंत लेटरची मुदत संपलेली असते.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "दुसरी ऑफर आहे का?" असेल तर कंपनीचं नाव न घेता आकडा सांगा, आणि लेटर दाखवायला मागितलं जाऊ शकतं हे धरून चाला. नसेल तर "नाही, मला इथेच यायचं आहे, म्हणूनच विचारते आहे" एवढं म्हणा. खोटी ऑफर सांगितली आणि पुरावा मागितला की बोलणं तिथेच संपतं. जुना पगार फुगवून सांगणं त्याहून वाईट. सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक यांतून तो बाहेर येतो, आणि पडताळणीत आकडा जुळला नाही तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते.

उत्तरच आलं नाही तर? निळ्या खुणा दिसल्या म्हणून काही कळत नाही, मंजुरी अडकलेली असू शकते. कामाचे दोन दिवस थांबा, मग एकच आठवण: "मॅडम, सोमवारच्या विनंतीबद्दल काही कळलं का? मुदत शुक्रवारची आहे म्हणून विचारते." प्रश्नचिन्हांची रांग नको.

मध्ये कन्सल्टंट असेल, म्हणजे ऑफर एखाद्या एजन्सीमार्फत आली असेल, तर मेसेज त्यालाच जाईल. त्याचं कमिशन बऱ्याचदा तुमच्या वार्षिक सीटीसीच्या ठरावीक टक्के असतं, तेव्हा तुमचा पगार वाढला तर त्याचाही फायदा आहे. पण तुम्ही रुजूच झाला नाहीत तर त्याला काहीच मिळत नाही. म्हणून तो "आधी हो म्हणा, नंतर बघू" असं सांगतो. तसं करू नका. "माझा मेसेज आहे तसाच कंपनीला पाठवा" एवढं त्याला सांगा.

दुसरी फेरी

गुरुवारी बहिणीला उत्तर आलं: "मॅनेजरशी बोलले. फिक्स्ड ८,१०,००० पर्यंत होतंय, त्यावर शक्य नाही."

आता हातात किती? नव्या रचनेत बेसिक ३,८४,००० होणार होता. मघासारखाच हिशोब केला की महिन्याला ५७,०८० च्या आसपास येतात. तळ ५६,००० चा होता, म्हणजे हो म्हणता येणार होतं. तरी एकदा, फक्त एकदाच, पुढे विचारणं योग्य असतं, पण फिक्स्ड सोडून.

त्याचं कारण कंपनीच्या आत आहे. फिक्स्ड वाढवला की तो दरवर्षी द्यावा लागतो, पुढची वाढ त्यावर मोजली जाते, आणि त्याच टीममध्ये आधीपासून असलेल्या माणसाच्या पगाराशी तो टक्कर घेतो. मॅनेजर अडतो तो बहुधा इथेच. जॉइनिंग बोनस एकदाच द्यायचा असतो आणि टीमच्या पगारात तो दिसत नाही. म्हणून "फिक्स्ड होणार नाही" म्हणणारी कंपनी बोनसला कधी कधी सहज तयार होते. तिने लिहिलं:

> धन्यवाद मॅडम, तुम्ही पाठपुरावा केलात त्याबद्दल. फिक्स्ड ८,१०,००० मला मान्य आहे. मी सध्याच्या कंपनीतलं एप्रिलचं अप्रेझल सोडून येते आहे, त्यासाठी ४०,००० जॉइनिंग बोनस देता येईल का? हे झालं तर माझ्याकडून पगाराचा विषय पूर्ण झाला.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. आता आणखी काही मागितलं जाणार नाही हे कळलं की समोरच्याला शेवटचा हो म्हणणं सोपं जातं. बोनस मंजूर झाला. जॉइनिंग बोनसला सहसा अट असते: ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर परत द्यावा लागतो. ती मुदत किती, आणि पूर्ण रक्कम परत द्यायची की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे लेटरमध्ये वाचा.

बोनसलाही नाही आलं असतं तर आणखी दोन गोष्टी विचारण्यासारख्या होत्या. एक, पीएफ १,८०० च ठेवता येईल का. यात कंपनीचा खर्च वाढत नाही, पण हातात येणारी रक्कम वाढते, मात्र तेवढी बचत कमी होते. दोन, जुन्या कंपनीला नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर रुजू व्हायचं असेल तर तो खर्च कंपनी देईल का. "सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू" हे आश्वासन मात्र लेटरमध्ये नसेल तर त्याची किंमत शून्य.

कुठे हे चालत नाही

कॉलेजच्या कॅम्पसमधून मोठ्या आयटी कंपनीत एकदम शेकड्यांनी भरती होते तेव्हा पगार सहसा आधीच ठरलेला असतो. तिथे मेसेज पाठवून काही होत नाही, विचारायचंच असेल तर रुजू होण्याचं शहर आणि तारीख विचारा. सरकारी नोकरीत वेतनस्तर ठरलेला असतो, तिथे हा प्रश्नच नाही. लहान कंपनीत किंवा स्टार्टअपमध्ये पहिली नोकरी असली तरी विचारता येतं, फक्त कारण म्हणून इंटर्नशिपमध्ये केलेलं ठोस काम हवं, "मी मेहनती आहे" हे नको.

चॅटवरचा होकार लेटरमध्ये येईपर्यंत

"डन, अप्रूव्ह झालं" हा मेसेज आला की लोक त्याच संध्याकाळी राजीनामा देतात. थांबा. चॅटवर मंजूर झालेला आकडा लेटरमध्ये वेगळाच निघणं अगदी नेहमीचं आहे. कधी ८,१०,००० हा व्हेरिएबल धरून एकूण लिहिलेला असतो, कधी बोनस फिक्स्डमध्येच मिसळलेला असतो, कधी नुसती जुनी फाइल पुन्हा पाठवलेली असते. उत्तर एवढंच द्या: "आभारी आहे मॅडम. सुधारित लेटर मेलवर आलं की लगेच स्वीकारते."

लेटर आलं की पाच गोष्टी तपासा: फिक्स्ड ८,१०,०००, व्हेरिएबल त्याच्या वर वेगळा ८४,०००, जॉइनिंग बोनस ४०,००० आणि तो कोणत्या महिन्याच्या पगारात मिळणार, परतफेडीची अट, आणि रुजू होण्याची तारीख ६० दिवसांच्या नोटिशीत बसते का. बहिणीच्या लेटरमध्ये बोनसची ओळ राहून गेली होती. तिने चॅटमधला मंजुरीचा मेसेज कोट करून लिहिलं, "मॅडम, लेटरमध्ये ४०,००० जॉइनिंग बोनस दिसत नाही, बघाल का?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरं लेटर आलं. ते तिने डाउनलोड करून ठेवलं, पोर्टलवर स्वीकारलं, स्वीकारल्याचा मेल स्वतःच्या खाजगी आयडीवर आल्याची खात्री केली, आणि मग जुन्या मॅनेजरला राजीनाम्याचा मेल पाठवला.